कोझीचे ठिपके कार्बनच्या नावाने वाचताना

सरांनी माझ्या हातात पाच मिलिमीटरची एनएमआर नळी ठेवली. तिचं टोक ज्योतीवर वितळवून बंद केलेलं होतं. आत ०.६ मिलिलीटर CDCl₃ आणि त्यात पंधराएक मिलिग्रॅम नमुना. सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: C₁₀H₂₀O. "वस्तुमान वर्णपटावरून एवढंच सांगतो. बाकी तुम्ही काढा," सर म्हणाले. "साधा प्रोटॉन, साधा कार्बन, कोझी आणि एचएसक्यूसी. एचएमबीसी नाही आणि संगणकातल्या तयार वर्णपटांशी ताडून बघणंही नाही."

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात सेंद्रिय रसायन शिकवते. पीएचडीचं काम सुरू केलं तेव्हा एकमितीय वर्णपट वाचण्याचा सराव होता, पण कोझी, एचएसक्यूसी असे द्विमितीय वर्णपट मी तोवर केवळ इतरांच्या शोधनिबंधांत, बाण आणि रंगांसकट सोडवून ठेवलेले पाहिले होते. कोऱ्या वर्णपटासमोर बसून पहिला ठिपका कुठला धरायचा, हा प्रश्न निराळाच असतो. त्या कामाची ही हकीकत आहे.

सूत्रावरून मिळतं तेवढं आधी काढून घेतलं. दहा कार्बन असलेल्या, वलय नसलेल्या संतृप्त रेणूत बावीस हायड्रोजन बसतात. इथे वीस आहेत, म्हणजे रेणूत एक दुहेरी बंध किंवा एक वलय आहे. साध्या कार्बन वर्णपटात १०० पीपीएमच्या वर काहीच नव्हतं. दुहेरी बंधाचे कार्बन त्या भागात येतात, म्हणून दुहेरी बंध बाद आणि वलय नक्की. ७१.५ पीपीएमला एक कार्बन होता, तो ऑक्सिजन धरून बसलेला. बाकी नऊ कार्बन १६ ते ५० च्या दरम्यान होते.

प्रोटॉन वर्णपट मात्र बघवत नव्हता. ३.४१ ला एका हायड्रोजनचा देखणा सिग्नल, २.१७ आणि १.९६ ला एकेक. तिथून उजवीकडे सगळी गर्दी. १.६ च्या आसपास दोन हायड्रोजन एकमेकांत मिसळलेले, १.४ च्या भागात एक CH आणि त्याच्याखाली बहुधा ओएचचा पसरट सिग्नल, १.११ ला एक. आणि ०.८ ते १.० या चिंचोळ्या पट्ट्यात चक्क बारा हायड्रोजन. त्यातलं ०.८१ चं मिथाईल तेवढं वेगळं दिसत होतं. बाकीच्यांच्या रेषा मोजायला जाण्यात अर्थ नव्हता.

मोजणीसाठी पाषाणला गेले. तिथल्या ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर आम्हाला वेळ मिळाला होता. यंत्र चालवणारा मुलगा तरुण, पण हाताला सवय असलेला. त्याने कोझीसाठी `cosygpqf` आणि एचएसक्यूसीसाठी `hsqcedetgp` हे पल्स प्रोग्राम लावले. दुसऱ्या नावातलं `ed` महत्त्वाचं. त्या प्रकारात CH₂ चे ठिपके एका चिन्हाचे येतात आणि CH व CH₃ चे उलट चिन्हाचे. पडद्यावर ते दोन रंगांत दिसतात.

एक गोष्ट त्याने मोजणीआधीच विचारली. "मॅडम, कार्बनचा पट्टा नेहमीसारखा १६५ पीपीएम ठेवू का?" मी साधा कार्बन वर्णपट दाखवला. विद्रावक धरूनही ८० च्या पलीकडे काही नव्हतं. त्याने पट्टा शून्य ते ८० असा आवळला. याचं कारण हिशेबाने पटतं. ४०० च्या यंत्रावर कार्बनचा एक पीपीएम म्हणजे साधारण १०० हर्ट्झ. १६५ पीपीएमचा पट्टा २५६ टप्प्यांत मोजला तर त्या टप्प्यांतून १२८ संमिश्र बिंदू मिळतात आणि कार्बनच्या दिशेने विभेदन पडतं सुमारे १.३ पीपीएम. माझ्या नमुन्यात २३.१, २२.२ आणि २१.० असे तीन कार्बन लगटून होते. १.३ पीपीएमच्या नजरेने ते तिघे एकच डाग म्हणून दिसले असते. पट्टा निम्मा केला की तेवढ्याच वेळात विभेदन ०.६ वर येतं. यात धोका एवढाच, की पट्ट्याबाहेर एखादा कार्बन राहिला असेल तर त्याचा ठिपका दुमडून भलत्याच जागी उमटतो. म्हणून साधा कार्बन वर्णपट हातात असल्याशिवाय पट्टा आवळू नये.

घरी आल्यावर दोन्ही वर्णपट मोठ्या कागदावर छापून घेतले. छापताना एकच पथ्य पाळलं: दोन्हीवर प्रोटॉनचा आडवा अक्ष एकाच मापाचा, ०.६ पासून ३.६ पर्यंत. अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपरचे ताव आणले. एचएसक्यूसी वर, कोझी खाली, दोन्हीवरून एकच ताव पसरलेला. वरच्या ठिपक्यातून पट्टीने सरळ खाली रेघ ओढली की ती कोझीत त्याच हायड्रोजनच्या रकान्यात उतरते. पडद्यावरही हे करता येतं, पण कागदावर रेघा साचत जातात आणि आपण कुठून कुठे आलो ते डोळ्यांसमोर राहतं.

हे दोन वर्णपट काय सांगतात ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एचएसक्यूसीत आडवा अक्ष प्रोटॉनचा आणि उभा कार्बनचा. ठिपका पडला म्हणजे तो हायड्रोजन त्या कार्बनवर थेट बसलेला आहे. कोझीत दोन्ही अक्ष प्रोटॉनचे. कर्णावर साधा वर्णपटच पुन्हा उमटतो, त्यात नवं काही नसतं. कर्णाबाहेरचा ठिपका म्हणजे त्या दोन हायड्रोजनांमध्ये कपलिंग आहे, एकामुळे दुसऱ्याच्या सिग्नलच्या रेषा दुभंगतात. ते सहसा दोन किंवा तीन बंधांपलीकडून येतं. दोन बंध म्हणजे एकाच कार्बनवरचे दोन हायड्रोजन, तीन बंध म्हणजे शेजारच्या कार्बनांवरचे. यातलं कुठलं, हे कोझी स्वतः सांगत नाही.

म्हणून मी कोझीला हात लावण्याआधी एचएसक्यूसी पूर्ण वाचून काढला. प्रत्येक कार्बनला एक अक्षर दिलं आणि त्यावर कोण बसलंय ते वहीत मांडलं.

```
क  ७१.५  CH   ३.४१
ख  ५०.१  CH   १.११
ग  ४५.०  CH₂  १.९६, ०.९६
घ  ३४.५  CH₂  १.६६, ०.८६
च  ३१.६  CH   १.४३
छ  २५.८  CH   २.१७
ज  २३.१  CH₂  १.६१, ०.९७
झ  २२.२  CH₃  ०.९१
ट  २१.०  CH₃  ०.९३
ठ  १६.१  CH₃  ०.८१
```

ही दहा ओळींची यादी तयार झाली तेव्हा अर्धं काम झालं असं मला वाटलं, आणि आजही तसंच वाटतं. चार CH, तीन CH₂, तीन CH₃ मिळून एकोणीस हायड्रोजन. सूत्रात वीस आहेत. उरलेला एक कुठल्याच कार्बनवर नाही, म्हणजे तो ऑक्सिजनवर आहे. ओएचचा सिग्नल प्रोटॉन वर्णपटात १.४ च्या भागात घोळ घालत होता, पण एचएसक्यूसीत त्याला जागाच नाही, त्यामुळे त्याच्याखाली दडलेला १.४३ चा CH स्वच्छ वेगळा निघाला. ०.८ ते १.० च्या पट्ट्याचंही तेच. साध्या वर्णपटात जे हायड्रोजन एकावर एक होते ते कार्बनच्या दिशेने सहा वेगवेगळ्या ओळींत पांगले. ०.९६ आणि ०.९७ या दोघांत प्रोटॉनच्या मापाने काहीच अंतर नाही, पण एक ४५.० वर आहे आणि दुसरा २३.१ वर. त्यांच्यामध्ये बावीस पीपीएम मोकळी जागा आहे.

यादीत आणखी एक गोष्ट दिसते, ती मी विद्यार्थ्यांना आता मुद्दाम थांबून दाखवते. तिन्ही CH₂ वरचे दोन-दोन हायड्रोजन एकमेकांपासून खूप दूर आहेत. ग वर तर एक १.९६ ला आणि दुसरा ०.९६ ला, पूर्ण एक पीपीएमचं अंतर. नुसत्या प्रोटॉन वर्णपटात हे दोघे एकाच कार्बनवरचे असतील असं कुणाच्या मनातही येणार नाही. सहा कार्बनांच्या ताठ वलयात मात्र असं होतंच. वलयाच्या पातळीत बाहेर झुकलेला इक्वेटोरियल हायड्रोजन वर्णपटात सहसा डावीकडे येतो आणि उभा अ‍ॅक्शियल हायड्रोजन उजवीकडे. तेव्हा हे वलय सहाचं असावं अशी शंका मला इथेच आली. पण ती शंका बाजूला ठेवून सांगाडा ठिपक्यांवरूनच बांधायचा असं ठरवलं.

मग कोझी. सुरुवात कुठून करायची हे आता उघड होतं: ३.४१, कारण तो एकटा उभा आहे आणि तो कुठल्या कार्बनवर आहे याबद्दल वाद नाही. त्याच्या रकान्यात तीन ठिपके होते: १.९६, १.११ आणि ०.९६ ला. प्रोटॉनच्या आकड्यांनी वाचलं तर तीन शेजारी. कार्बनच्या अक्षरांनी वाचलं तर १.९६ म्हणजे ग, १.११ म्हणजे ख, आणि ०.९६ म्हणजे ग किंवा ज, कारण त्या जागी दोघांचेही हायड्रोजन आहेत.

इथे पहिल्यांदा संयुजा मोजावी लागली. क वर एक हायड्रोजन आहे, एक ऑक्सिजन आहे, म्हणजे कार्बनांसाठी दोनच बंध उरतात. ग आणि ख नी ते दोन्ही भरले. तिसऱ्या कार्बनला जागा नाही, म्हणून ०.९६ चा ठिपका ज चा असूच शकत नाही, तो ग चाच. तीन ठिपके, पण शेजारी कार्बन दोनच. सांगाड्याचा पहिला तुकडा मिळाला: ग–क–ख.

पुढे ख. त्याचा हायड्रोजन १.११ ला. एक ठिपका ३.४१ ला, तो माहीतच होता. दुसरा १.६ च्या जोडीला. तिसरा शोधताना वेळ गेला. २.१७ आणि १.११ जिथे छेदतात तिथे नेहमीच्या पातळीवर काहीच दिसत नव्हतं. पातळी खाली आणल्यावर एक फिकट ठिपका वर आला. तो खरा आहे की गोंगाट, हे ठरवणं भाग होतं.

कोझीतला ठिपका फिकट का पडतो याचं कारण माहीत असलं तर घाई होत नाही. कोझीचा ठिपका आतून धन आणि ऋण अशा जोड्यांनी बनलेला असतो. कपलिंग मोठं असलं की त्या जोड्या एकमेकींपासून दूर राहतात आणि ठिपका ठसठशीत येतो. कपलिंग दोन-तीन हर्ट्झचं असलं की धन आणि ऋण बाजू एकमेकींवर सरकतात आणि एकमेकींना खातात. त्यामुळे ठिपका नसणं म्हणजे शेजार नसणं, असं कधीच म्हणता येत नाही. शेजारी कार्बनांवरच्या दोन हायड्रोजनांमधला कोन साठ अंशांच्या आसपास असला तर कपलिंग लहानच असतं.

खऱ्या ठिपक्याची ओळख करायला दोन परीक्षा होत्या. खरा ठिपका कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारख्या जागी येतो. मिथाईलच्या जोरदार सिग्नलमधून निघणारी उभी पट्टी मात्र एकाच बाजूला असते. माझ्या कोझीत ०.९ च्या रकान्यात अशी एक पट्टी वरपासून खालपर्यंत होतीच. हा फिकट ठिपका दोन्ही बाजूंना होता आणि पट्टीच्या रकान्यात नव्हता. म्हणूनच वर्णपट सममित करण्याची जी सोय संगणकात असते ती मी वापरली नव्हती. ती वापरली की दिसायला सगळं स्वच्छ होतं, पण कर्णाच्या दोन बाजूंची तुलना करण्याचा हा पुरावाच पुसला जातो, आणि दोन पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खोटा ठिपका शाबूत राहतो. दुसरी परीक्षा साध्या वर्णपटातली. २.१७ चा सिग्नल नीट मोठा करून पाहिला तर तो सात रेषांचा होता, आणि प्रत्येक रेषा पुन्हा सुमारे २.८ हर्ट्झने दुभंगलेली होती. सात रेषा दोन मिथाईलांमुळे, आणि २.८ चा दुभंग आणखी एका हायड्रोजनमुळे. हा हायड्रोजन १.११ चाच, कारण २.१७ चे बाकीचे सगळे ठिपके मिथाईलांच्या भागात होते.

तर ख चे तीन शेजारी: क, छ आणि १.६ च्या जोडीतला कुणीतरी. आणि छ वर दोन मिथाईल, एक ०.८१ चं म्हणजे ठ, दुसरं ०.९२ च्या आसपासचं. म्हणजे ख वर आयसोप्रोपाईल आहे.

आता ग कडून दुसऱ्या दिशेने. १.९६ च्या रकान्यात सगळ्यात ठसठशीत ठिपका ०.९६ ला. एचएसक्यूसी हातात नसता तर तो शेजाऱ्याचा समजून पुढे एक कार्बन जोडला गेला असता. इथे दोघेही ग वरच बसलेले, त्यामुळे या ठिपक्यातून नवा बंध मिळत नाही. पुढचा ठिपका ३.४१ ला, तो क. पुढचा १.४३ ला, तो च. आणि एक चौथा, बराच फिकट, १.६६ च्या आसपास.

या चौथ्या ठिपक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तो दोन्ही बाजूंना होता, पट्टीत नव्हता, म्हणजे खरा होता. तो शेजारचा मानला तर ग ला घ जोडलेला असायला हवा. पण ग हा CH₂ आहे. दोन हायड्रोजन, म्हणजे कार्बनांसाठी दोनच बंध, आणि ते क आणि च ने भरलेले आहेत. च चा ठिपका याच्यापेक्षा कितीतरी जोरकस आहे, शिवाय ०.९६ कडूनही १.४३ ला ठिपका आहे, म्हणजे ग–च ला दुहेरी साक्ष आहे. घ ला जागा नाही. मग हा ठिपका चार बंधांपलीकडून आला असला पाहिजे.

अशी चार बंधांची कपलिंग संतृप्त रेणूंत क्वचितच दिसतात. त्यासाठी हायड्रोजन–कार्बन–कार्बन–कार्बन–हायड्रोजन ही सगळी साखळी एका पातळीत, नागमोडी पसरलेली असावी लागते. इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी, म्हणून तिला डब्ल्यू कपलिंग म्हणतात. सहाच्या वलयात एक सोडून एक कार्बनांवरचे दोन इक्वेटोरियल हायड्रोजन बरोबर असे मांडलेले असतात आणि त्यांच्यात एक-दोन हर्ट्झचं कपलिंग मिळतं. म्हणजे ज्या ठिपक्याने सांगाडा बिघडवला असता, त्यानेच उलट सांगितलं की १.९६ आणि १.६६ हे दोघेही इक्वेटोरियल आहेत आणि त्यांच्या कार्बनांमध्ये एकच कार्बन आहे. मला या सगळ्या कामातला सर्वांत समाधानाचा क्षण हाच वाटतो.

च चा हायड्रोजन १.४३ ला. त्याचे ठिपके ग च्या दोन्ही हायड्रोजनांना, ०.९२ च्या आसपासच्या एका मिथाईलला, १.६ च्या जोडीला आणि ०.८६ ला. ०.८६ हा घ चा. म्हणजे च वर ग, एक मिथाईल आणि घ. चार बंध पूर्ण.

इथवर मांडलेलं एका ओळीत असं होतं: घ–च–ग–क–ख, च वर एक मिथाईल, ख वर आयसोप्रोपाईल. घ ला एक बंध मोकळा, ख ला एक बंध मोकळा, आणि ज हा CH₂ अजून बाहेर, दोन मोकळे बंध घेऊन. बाकी सगळ्या कार्बनांची संयुजा भरलेली आणि ऑक्सिजनचीही, कारण त्यावर क आणि हायड्रोजन आहेत. ज बसायला एकच जागा उरते: घ आणि ख च्या मध्ये. तो तिथे बसला की सहाचं वलय बंद होतं, आणि सूत्राने सांगितलेलं एक वलयही तेच.

या शेवटच्या बंधाला, घ–ज ला, कोझीत माझ्याकडे स्वच्छ ठिपका नव्हता, हे इथे नोंदवायला हवं. घ चे हायड्रोजन १.६६ आणि ०.८६ ला, ज चे १.६१ आणि ०.९७ ला. १.६६ आणि १.६१ मध्ये वीस हर्ट्झ अंतर, आणि दोन्ही सिग्नल त्याहून रुंद. त्यांच्यातला ठिपका कर्णातच बुडालेला. ०.८६ पासून डावीकडे गेलं की १.६ ला एक मोठा डाग आहे, पण त्यात घ चा स्वतःचा १.६६ किती आणि ज चा १.६१ किती हे सांगता येत नाही. तो बंध मी ठिपक्यावरून नव्हे, संयुजेच्या हिशेबाने ओढला. दोन अडचणी आणखी होत्या. च च्या शेजारी घ हे मी गर्दीतल्या ०.८६ च्या ठिपक्यावरून धरलं होतं, पण ख च्या शेजारी ज आणि च च्या शेजारी घ, की नेमकं उलट, याची पक्की खात्री नव्हती. आणि ०.९१ व ०.९३ या मिथाईलांपैकी च वर कुठलं आणि छ वर कुठलं? दोघांत अंतर आठ हर्ट्झ, आणि प्रत्येकाचा दुभंग सुमारे सात हर्ट्झचा. कोझीत दोघांचा मिळून एकच डाग दिसतो.

रेणूचा आकार या दोन प्रश्नांवर अवलंबून नाही. उत्तर काहीही आलं तरी सांगाडा तोच राहतो, फक्त कुठला आकडा कुठल्या कार्बनचा हे बदलतं. तरीही सरांना वही दाखवताना मी या तीन जागांवर पेन्सिलीने वर्तुळं करून ठेवली. सरांनी वर्तुळं पाहिली आणि म्हणाले, "आता एक वर्णपट जास्त घ्या. एचएसक्यूसी-टॉक्सी, मिश्रणाचा काळ लहान ठेवून."

या वर्णपटात कार्बनच्या ओळीवर त्याचा स्वतःचा हायड्रोजन तर येतोच, शिवाय त्या हायड्रोजनशी कपलिंग असलेले शेजारीही त्याच ओळीवर येतात. वीस मिलिसेकंदांसारखा छोटा काळ ठेवला तर मुख्यतः लगतचे शेजारीच दिसतात. काळ वाढवला तर पूर्ण साखळीच एका ओळीवर उतरते आणि शेजार कुठला हे पुन्हा कळेनासं होतं. थोडक्यात, कोझीचीच माहिती, पण कार्बनच्या विभेदनाने पांगवलेली. मी जे ट्रेसिंग पेपरवर हाताने करत होते ते यंत्राने केलं.

तिन्ही वर्तुळं सुटली. २३.१ च्या ओळीवर, ज च्या, स्वतःच्या १.६१ आणि ०.९७ खेरीज १.११ आला आणि ०.८६ ही आला. १.११ म्हणजे ख, ०.८६ म्हणजे घ. ज त्या दोघांच्या मध्ये बसल्याचा हा थेट पुरावा. ३४.५ च्या ओळीवर १.४३ होता, म्हणजे घ च्या शेजारी च. २१.० च्या मिथाईलच्या ओळीवर २.१७ आणि २२.२ च्या ओळीवर १.४३. म्हणजे ट आयसोप्रोपाईलवर, झ वलयावर. कार्बनचा पट्टा आवळून घेतला नसता तर शेवटच्या दोन ओळी एकमेकींत मिसळल्या असत्या.

सांगाडा कागदावर काढला: सहाचं वलय, एका कार्बनवर ओएच, त्याच्या लगतच्या कार्बनवर आयसोप्रोपाईल, आणि ओएचच्या दुसऱ्या बाजूला एक कार्बन सोडून मिथाईल. हा पेपरमिंटमधला मेंथॉल, पानाच्या ठेल्यावर पिपरमिंट म्हणून मिळणारे स्फटिक. पण याच सांगाड्याचे नुसत्या दिशांच्या फरकाने चार सापेक्ष प्रकार होतात: मेंथॉल, निओमेंथॉल, आयसोमेंथॉल आणि निओआयसोमेंथॉल. सांगाडा सारखा असल्याने ठिपक्यांच्या जागांवरून काढलेली जोडणी चौघांचीही एकच येईल.

त्यांना वेगळं करायला ३.४१ कडे परत जावं लागतं, पण या वेळी त्याच्या रेषांच्या अंतराकडे. त्यात दोन कपलिंग सुमारे १०.५ हर्ट्झची आहेत आणि एक ४.३ चं. वलयातल्या शेजारच्या कार्बनांवरच्या हायड्रोजनांमध्ये दहाच्या वरचं कपलिंग दोघेही अ‍ॅक्शियल असले तरच येतं. दोन मोठी कपलिंग म्हणजे ३.४१ स्वतः अ‍ॅक्शियल, ख वरचा १.११ ही अ‍ॅक्शियल, आणि ग वरचा ०.९६ ही. मग ओएच आणि आयसोप्रोपाईल दोघेही इक्वेटोरियल. निओमेंथॉलमध्ये हाच हायड्रोजन इक्वेटोरियल असतो, ४.१ च्या आसपास येतो आणि त्यात एकही मोठं कपलिंग नसतं. इथेच तो बाद झाला. मिथाईलसाठी च वरचा १.४३ अ‍ॅक्शियल आहे का ते बघायचं होतं. तो सिग्नल स्वतः गुंतागुंतीचा आहे आणि खाली ओएच आहे, म्हणून ०.९६ कडे वळले. तोही मिथाईलांखाली गाडलेला. पण एचएसक्यूसीतून ४५.० च्या ओळीचा आडवा छेद काढला की तो एकटा समोर येतो: चार रेषा, सुमारे बारा हर्ट्झच्या अंतराने. एक अंतर ग वरच्याच जोडीदारामुळे, दुसरं ३.४१ मुळे, तिसरं १.४३ मुळे. तिसरंही मोठं, म्हणजे १.४३ अ‍ॅक्शियल आणि मिथाईल इक्वेटोरियल. तिन्ही गट इक्वेटोरियल असलेला प्रकार मेंथॉलचाच.

छेदातल्या रेषा साध्या वर्णपटाइतक्या धारदार नसतात. त्यातून एक-दोन हर्ट्झचा निवाडा करू नये. बारा की चार, एवढं मात्र विश्वासाने सांगता येतं आणि इथे तेवढंच हवं होतं.

आरशातल्या दोन प्रतिमांपैकी कुठली, हे CDCl₃ मधला कुठलाच एनएमआर सांगत नाही, कारण दोन्हींचे वर्णपट तंतोतंत सारखे येतात. त्यासाठी सरांच्या कपाटातल्या मूळ नमुन्यातले ०.५ ग्रॅम घेऊन इथेनॉलमध्ये ५ मिलिलीटर द्रावण केलं आणि एक डेसिमीटरच्या नळीत घालून पोलॅरिमीटरवर पाहिलं. वाचन उणे पाच अंशांच्या आसपास आलं, म्हणजे विशिष्ट वलन उणे पन्नास. पुदिन्याच्या तेलातून मिळणाऱ्या वामवलनी मेंथॉलचं वलन एवढंच असतं.